अपील प्रलंबित असताना शिक्षेला स्थगिती: पाच वर्षांच्या शिक्षेचे एक प्रकरण

प्रश्न: माझ्या धाकट्या भावाला परवा सत्र न्यायालयाने पाच वर्षे सक्तमजुरी आणि दहा हजार रुपये दंड सुनावला. आरोप भारतीय दंड संहितेच्या कलम ३०७ चा, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचा होता, त्यातून तो सुटला, पण कलम ३२६ खाली, म्हणजे धोकादायक हत्याराने गंभीर दुखापत केल्याबद्दल, दोषी ठरला. अटकेनंतर चार महिने तो आत होता, पुढे खटला संपेपर्यंत जामिनावर होता आणि प्रत्येक तारखेला हजर राहिला. तरीही निकालाच्या दिवशी त्याला कोर्टातूनच तुरुंगात नेले. त्याच न्यायाधीशांनी जामीन का दिला नाही? हायकोर्टात अपील केले तर निकाल लागेपर्यंत त्याला बाहेर आणता येईल का?

उत्तर:

येईल, आणि तुम्ही सांगितलेल्या परिस्थितीत शक्यता चांगली आहे. मात्र हा जामीन खटल्याच्या काळातल्या जामिनासारखा नाही. तेव्हा तुमचा भाऊ कायद्याच्या दृष्टीने निर्दोष होता आणि त्याला आत का ठेवायचे, हे सरकार पक्षाला सांगावे लागत होते. आता एका न्यायालयाने पुरावा तपासून त्याला दोषी ठरवले आहे, त्यामुळे निर्दोषत्वाचे गृहीतक उरलेले नाही. शिक्षेची अंमलबजावणी अपिलाच्या निकालापर्यंत का थांबवावी, हे आता तुम्हाला पटवून द्यायचे आहे. म्हणून मागणीही केवळ जामिनाची नसते. आधी शिक्षेला स्थगिती मागायची असते आणि त्या स्थगितीचा परिणाम म्हणून जामिनावर सुटका. हा अधिकार फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३८९ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम ४३० मध्ये आला आहे आणि त्याचा गाभा तोच आहे. गुन्हा जुना आणि अपील नवे असेल तर अर्जाच्या शीर्षकात दोन्ही कलमे लिहिलेली बरी, म्हणजे त्या मुद्द्यावर कोणी अडवत नाही.

आधी त्याच न्यायाधीशांबद्दल. शिक्षा सुनावल्यावर खटला चालवणाऱ्या न्यायालयाच्या हातात फार थोडे उरते. आरोपी आधीपासून जामिनावर असेल, दिलेली कैद तीन वर्षांपेक्षा जास्त नसेल आणि आपण अपील करणार आहोत असे त्याने सांगितले, तर नाकारण्याला काही विशेष कारण नसल्यास तेच न्यायालय त्याला अपील दाखल करून वरचा आदेश मिळवण्यापुरता अवधी देऊन सोडते. गुन्हा जामीनपात्र असेल आणि आरोपी जामिनावर असेल, तर कैद कितीही असली तरी हीच सोय आहे. तुमच्या भावाची शिक्षा पाच वर्षांची आहे आणि कलम ३२६ चा गुन्हा अजामीनपात्र आहे, त्यामुळे हा मार्ग त्याला मुळातच खुला नव्हता. न्यायाधीशांनी राग धरला किंवा वकिलाने अर्ज करायला उशीर केला, असा अर्थ त्यातून काढू नका. शिक्षा तीन वर्षांची झाली असती तर त्याच संध्याकाळी तो घरी आला असता, पण तोही ठरावीक दिवसांसाठीच. अशा तात्पुरत्या सुटकेचा अवधी संपण्यापूर्वी वरच्या न्यायालयाचा आदेश आला नाही, तर आरोपीला हजर होऊन पुन्हा आत जावे लागते. ज्यांना ही सवलत मिळते ते इथेच गाफील राहतात.

आता तुमचा मार्ग उच्च न्यायालयाचा. सत्र न्यायालयाने दिलेल्या शिक्षेविरुद्ध अपील तिथेच जाते आणि त्याची मुदत शिक्षेच्या दिवसापासून साठ दिवसांची असते. निकालाची प्रमाणित प्रत मिळण्यात जे दिवस जातात ते यातून वगळले जातात. मुदत साठ दिवसांची असली तरी तुमच्यासाठी तो आकडा निरुपयोगी आहे, कारण अपील दाखल झाल्याशिवाय स्थगितीचा अर्ज ऐकलाच जात नाही आणि अपिलाला होणारा प्रत्येक दिवसाचा उशीर म्हणजे तुरुंगातला एक दिवस. कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालपत्राची एक प्रत विनामूल्य आणि लगेच मिळण्याचा हक्क आहे. ती त्याच्याकडे आलेली नसेल तर वकिलांना उद्याच ती मिळवायला सांगा. वकीलपत्रावर भावाची सही तुरुंगात, तुरुंग अधिकाऱ्यांसमोर आणि त्यांच्या शिक्क्यानिशी घ्यावी लागते. भेटीच्या दिवसाचा अंदाज चुकला की नुसत्या एका सहीसाठी आठवडा जातो, तेव्हा हे काम सर्वांत आधी करा.

अपिलासोबतच स्थगितीचा अंतरिम अर्ज जोडला जातो. त्यात काय लिहायचे यावर बरेच काही अवलंबून असते, म्हणून इथे जरा थांबतो.

माझ्याकडे दुसऱ्यांदा विचारायला येणाऱ्या प्रकरणांत, म्हणजे एकदा अर्ज फेटाळला गेल्यावर आलेल्या प्रकरणांत, एक गोष्ट वारंवार दिसते. अर्ज चाळीस पानांचा असतो आणि त्यात प्रत्येक साक्षीदाराची उलटतपासणी उतरवलेली असते. फिर्यादीच्या जबाबातली विसंगती, पंच फितूर झाला, शेजाऱ्याने वेळ वेगळी सांगितली, असे सगळे. हे मुद्दे अपिलाचे आहेत. स्थगितीच्या टप्प्यावर न्यायालय पुराव्याचे नव्याने वजन करत नाही, आणि करू नये असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ओमप्रकाश साहनी प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे. वरवर पाहताच डोळ्यांत भरेल असे काही अभिलेखावर, म्हणजे खटल्याच्या कागदपत्रांत, आहे का, एवढेच तिथे पाहिले जाते. तुम्ही चाळीस पाने वाचायला दिली की न्यायमूर्तींना सोपे उत्तर सापडते: हे सगळे अंतिम सुनावणीत पाहू. मग अर्जही त्याच वाक्याने निकालात निघतो.

तुमच्या भावाच्या प्रकरणात पहिला आणि सर्वांत वजनदार मुद्दा पुराव्याचा नाहीच. तो शिक्षेच्या मुदतीचा आहे. जन्मठेप आणि ठरावीक वर्षांची शिक्षा यांत न्यायालये फरक करतात. भगवान रामा शिंदे गोसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितले की ठरावीक मुदतीची शिक्षा झालेला माणूस कायद्याने दिलेल्या हक्काने अपील करतो, तेव्हा काही अपवादात्मक परिस्थिती नसेल तर त्याच्या स्थगितीच्या मागणीकडे उदारपणे पाहावे. त्यामागचे कारण व्यावहारिक आहे. उच्च न्यायालयात फौजदारी अपिले वर्षानुवर्षे प्रलंबित राहतात. पाच वर्षांची शिक्षा झालेल्या माणसाचे अपील सहाव्या वर्षी ऐकले गेले आणि तो निर्दोष सुटला, तर त्या निकालाचा त्याला काय उपयोग? याच अंगाने न्यायालयाने १९७७ च्या कश्मीरा सिंग प्रकरणात, तेही खुनाच्या गुन्ह्यात, म्हटले होते की अपील वाजवी वेळात ऐकणे शक्य नसेल तर माणसाला आत ठेवण्याचे समर्थन करता येणार नाही. म्हणून अर्जात हे नुसते सांगून थांबू नका. यंदाच्या बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीवर, कोणत्या वर्षाची अपिले अंतिम सुनावणीला येत आहेत, हे वकिलांनी काढून तो आकडा लिहावा. दोन निवाड्यांच्या उताऱ्यांपेक्षा तो आकडा जास्त बोलतो.

दुसरा मुद्दा जामिनाच्या काळातील वागणुकीचा. तो प्रत्येक तारखेला हजर होता हे तुम्ही लिहिले आहे, ते सिद्ध करता आले पाहिजे. खटल्याच्या रोजनाम्यात त्याच्याविरुद्ध वॉरंट निघाल्याची एकही नोंद नसेल, साक्षीदाराला धमकावल्याची तक्रार नसेल आणि जामीन रद्द करण्याचा अर्ज कधी झाला नसेल, तर ही तीन वाक्ये अर्जात वेगवेगळी यावीत. एखाद्या तारखेला तो आजारी असल्याने गैरहजर राहिला आणि वॉरंट निघून नंतर रद्द झाले असेल, तर तेही आपणच सांगून टाकावे. सरकारी वकिलांनी ते रोजनाम्यातून काढून दाखवले की उरलेल्या दोन वाक्यांवरचा विश्वासही डळमळतो.

तिसरा मुद्दा निकालपत्रातला उघड दोष, जर असेल तर. निकाल मी पाहिलेला नाही, म्हणून काय शोधायचे तेवढे सांगतो. ३०७ मधून सुटका झाली याचा अर्थ जीवे मारण्याचा हेतू किंवा तशी जाणीव सिद्ध झाली नाही असे न्यायाधीशांनीच म्हटले आहे. उरला प्रश्न दुखापतीचा. कलम ३२६ लागायला धोकादायक हत्याराने केलेली दुखापत गंभीर असावी लागते, आणि गंभीर म्हणजे काय ते कलम ३२० मध्ये ठरवून दिले आहे. हाड मोडणे, दात पडणे, दृष्टी किंवा श्रवण कायमचे जाणे, जीव धोक्यात येणे, वीस दिवस तीव्र वेदना होणे किंवा तितके दिवस नेहमीची कामे करता न येणे, असे प्रकार त्यात मोडतात. डॉक्टरांनी दाखल्यावर ‘गंभीर’ असे लिहिले म्हणून दुखापत गंभीर ठरत नाही. या प्रकारांपैकी कोणता लागू होतो, हे निकालात दिसायला हवे.

समजा, तुमच्या निकालपत्रात न्यायाधीशांनी खांद्यावरच्या जखमेची लांबी-रुंदी लिहिली आहे, हाड मोडल्याचा उल्लेख आहे, पण क्ष-किरण चित्र किंवा त्याचा अहवाल पुराव्यात दाखल झालेलाच नाही आणि जखमी माणूस चौथ्या दिवशी घरी गेल्याचे रुग्णालयाच्या कागदावर आहे. अशा वेळी अर्जात एकच परिच्छेद पुरे: निकालाच्या अमुक परिच्छेदानुसार गंभीर दुखापतीचा आधार हाड मोडणे हा आहे, त्याचा कागद अभिलेखावर नाही, आणि तो आधार निघून गेला तर गुन्हा धोकादायक हत्याराने केलेल्या साध्या दुखापतीच्या कलम ३२४ मध्ये बसतो, ज्याची कमाल शिक्षाच तीन वर्षे आहे. इथे पुराव्याची फेरतपासणी मागितलेली नाही, निकालपत्र वाचूनच प्रश्न उभा राहतो. स्थगितीच्या टप्प्यावर असा मुद्दा चालतो. उलट क्ष-किरण अहवाल दाखल असेल आणि तो करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष झालेली असेल, तर हा मुद्दा ओढून ताणून घेऊ नका. पहिल्या दोन मुद्द्यांवर उभा असलेला छोटा अर्ज अधिक बरा.

सुनावणीबद्दल एक गैरसमज आधीच दूर करतो, कारण घरची मंडळी पहिल्या तारखेलाच सुटकेची वाट पाहत बसतात. ज्या गुन्ह्याला मृत्युदंड, जन्मठेप किंवा किमान दहा वर्षांची कैद सांगितलेली आहे, त्यात सुटकेपूर्वी सरकारी वकिलांना लेखी विरोध मांडण्याची संधी द्यावीच लागते. इथे प्रत्यक्ष मिळालेली शिक्षा पाहिली जात नाही, गुन्ह्याला कायद्याने कमाल काय सांगितले आहे ते पाहिले जाते. कलम ३२६ ला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते, त्यामुळे पाच वर्षांच्या शिक्षेलाही ही अट लागू आहे. ती न पाळता दिलेला आदेश सर्वोच्च न्यायालयात टिकत नाही, तेव्हा वकिलांनी एखाद्या दिवसाची घाई करून ती वगळण्याचा आग्रह धरू नये. त्याऐवजी अर्ज दाखल करतानाच त्याची प्रत सरकारी वकिलांच्या कार्यालयात देऊन पोच घ्यावी, म्हणजे पोलीस ठाण्याकडून माहिती मागवण्याचे काम लगेच सुरू होते आणि पहिली तारीख नुसत्या नोटिशीत वाया जात नाही. जखमी व्यक्तीही आपले म्हणणे मांडायला येऊ शकते. ३०७ मधून झालेल्या सुटकेविरुद्ध सरकारने किंवा जखमीने वेगळे अपील केले असेल तर विरोध धारदार होतो, म्हणून तशी काही हालचाल आहे का याची चौकशी करून ठेवा.

न्यायालय आणखी कशाकडे पाहील, ते तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. भावावर दुसरे गुन्हे असतील, विशेषतः या खटल्यात जामिनावर असताना घडलेले, तर वर सांगितलेली उदार भूमिका बरीच आखडते. दोन्ही घरे एकाच गावात असतील आणि वाद अजून धुमसत असेल, तर अपील संपेपर्यंत तो दुसऱ्या तालुक्यात नातेवाइकांकडे राहील, अशी हमी आपणहून दिल्याने फरक पडतो. अर्धी शिक्षा भोगल्याशिवाय सुटका होत नाही, असे तुम्हाला तुरुंगात कोणीतरी नक्की सांगेल. तसा नियम नाही. ठरावीक भाग आत काढल्यावर जामिनाची जी तरतूद आहे ती खटला चालू असलेल्या कच्च्या कैद्यांसाठी आहे, दोषी ठरलेल्यांसाठी नाही. किती दिवस आत झाले, याला वजन मात्र असते. म्हणून तुरुंगाकडून कोठडीचा दाखला मागवा आणि खटल्यापूर्वीचे चार महिने त्यात धरले आहेत ना, हे पाहून घ्या. अमली पदार्थांच्या कायद्याखालच्या काही शिक्षांना मात्र स्थगितीसाठीही वेगळ्या, फार कडक अटी आहेत. तुमच्या प्रकरणाचा त्यांच्याशी संबंध नाही, पण तिथली उदाहरणे ऐकून घाबरू नका म्हणून सांगितले.

अर्ज फेटाळला गेला तर सर्वोच्च न्यायालयात जाता येते. शिवाय बराच काळ लोटला आणि अपील बोर्डावर आलेच नाही, तर बदललेल्या परिस्थितीवर उच्च न्यायालयातच पुन्हा अर्ज करता येतो. तेच मुद्दे घेऊन दोन महिन्यांत परत गेल्यास काहीच हाती लागत नाही. त्यापेक्षा अपिलाची सुनावणी लवकर घेण्याची विनंती करणे बरे.

आदेश मिळाल्यानंतरचे दिवस कुटुंबांना सर्वांत जास्त खुपतात, कारण आदेश झाला तरी माणूस आतच असतो. उच्च न्यायालय साधारणपणे अमुक रकमेचा जातमुचलका आणि तितक्याच रकमेचा एक किंवा दोन जामीनदार, असे सांगते आणि ही पूर्तता खटला चाललेल्या सत्र न्यायालयात करायची असते. खटल्याच्या वेळी जो जामीनदार होता त्याचा बॉण्ड आपोआप पुढे चालत नाही. नवा बॉण्ड लागतो, मग जामीनदार तोच असला तरी चालेल. त्याचा सातबारा किंवा घरपट्टीची पावती, ओळखपत्र आणि रहिवासाचा पुरावा अर्ज सुनावणीला लागण्यापूर्वीच तयार ठेवा. सातबारा सामाईक असेल आणि जामीनदाराचा हिस्सा वेगळा दिसत नसेल तर तिथे हमखास अडते. जामीनदार मिळायला वेळ लागणार असेल तर काही आठवडे रोख रकमेवर तात्पुरते सोडावे, अशी विनंती अर्जातच करून ठेवा. मुंबई उच्च न्यायालयात ती बहुधा मान्य होते, पण मागितली तरच. दंडाच्या दहा हजारांचेही पाहा. दंडालाही स्थगिती मागता येते, पण रक्कम झेपणारी असेल तर ती भरून पावती अर्जाला जोडावी असे मी सुचवतो. दंड न भरल्याबद्दलची जादा कैद शिल्लक दिसली, तर सुटकेच्या दिवशी तुरुंगाच्या कार्यालयात तोच प्रश्न उभा राहतो.

शिक्षेला स्थगिती मिळाली तरी दोषसिद्धी कायम राहते. भाऊ सरकारी नोकरीत असेल किंवा निवडणूक लढवणार असेल, तर हा फरक त्याच्या आयुष्यावर परिणाम करतो. २०२३ मध्ये राहुल गांधी यांना सुरतच्या न्यायालयाने दोन वर्षांची शिक्षा दिली तेव्हा तिला लगेच स्थगिती आणि जामीन मिळाला, तरी दुसऱ्या दिवशी खासदारकी गेली. ती परत मिळाली ती सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑगस्टला दोषसिद्धीलाच स्थगिती दिल्यावर. दोषसिद्धीची स्थगिती स्वतंत्रपणे मागावी लागते, ती न मिळाल्यास नेमके कोणते भरून न येणारे नुकसान होईल ते दाखवावे लागते आणि ती क्वचितच मिळते. भाऊ शेती किंवा खासगी काम करत असेल तर आत्ता तिच्या मागे लागून मुख्य अर्ज लांबवू नका.

शेवटी हिशोब, कारण बाहेर आल्यावर तो लोकांच्या ध्यानात राहत नाही. समजा, शिक्षेनंतर दोन महिन्यांनी स्थगिती मिळाली. आधीचे चार महिने वजावटीला मिळतात, म्हणजे भोगून झाले सहा महिने आणि शिल्लक राहिली साडेचार वर्षे. अपील चार वर्षे चालले आणि फेटाळले गेले, तर बाहेर काढलेली ती चार वर्षे शिक्षेत मोजली जात नाहीत, साडेचार वर्षे तशीच उभी असतात. त्यामुळे अपिलाकडे पाठ फिरवू नका. पत्ता किंवा फोन बदलला तर वकिलांना आणि आदेशात सांगितले असेल तर पोलीस ठाण्याला कळवा, हजेरीची अट असेल तर प्रत्येक हजेरीची नोंद जपून ठेवा, आणि वर्षातून दोन-तीनदा अपिलाचा क्रमांक टाकून स्थिती पाहत जा. अपील अंतिम सुनावणीला आले आणि तुमच्यातर्फे कोणीच उभे राहिले नाही, तरी न्यायालय अभिलेख वाचून, गरज वाटल्यास दुसरा वकील नेमून, गुणदोषांवर निकाल देऊ शकते. त्यानंतर हजर होण्यासाठी साधारणपणे काही आठवडे मिळतात, आणि त्याच काळात सर्वोच्च न्यायालयात जायचे की नाही हे ठरवावे लागते.